गर्दीच्या टूलबारसाठी ‘कॉम्पॅक्ट’ पर्याय: मेंटेनरला पत्र कसं लिहायचं

टूलबारवर दाटी झाली की वापरणाऱ्याला वाटतं, बटणं जरा लहान करा, झालं. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरला त्याच वाक्यात एक नवं सेटिंग दिसतं. ते पुढे कायम सांभाळावं लागेल, प्रत्येक नव्या बटणाला दोन मापांत तपासावं लागेल आणि ‘माझं बटण कापलं गेलं’ अशा तक्रारी येत राहतील. पत्र लिहायचं ते ही दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर ठेवून. तुमची अडचण त्याला आकड्यांत दिसली पाहिजे आणि त्याच्यावर पडणारा भार किती, हे तुम्हीच आधी मोजून सांगितलं पाहिजे.

इथे एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. ब्राउझरमध्ये चालणारा एक मुक्तस्रोत एडिटर आहे. वरच्या टूलबारवर पाच गटांत मिळून २६ बटणं, गटांच्या मध्ये चार उभ्या रेघा आणि डावीकडे २४० पिक्सेल रुंदीची फाइलींची पट्टी. स्क्रीन १३६६ × ७६८ ची. उजवीकडची काही बटणं दिसतच नाहीत, ती तीन ठिपक्यांच्या मेनूत गेलेली असतात.

आधी मोजा

‘टूलबार फार जागा खातो’ हे वाक्य पत्रात नको. ब्राउझरचं डेव्हलपर टूल उघडा आणि कन्सोलमध्ये बटणांची रुंदी काढा:

```js
const bar = document.querySelector('[role="toolbar"]');
[...bar.querySelectorAll('button')]
  .map(b => b.getBoundingClientRect().width);
```

मेनूत गेलेल्या बटणांची रुंदी ० येईल, म्हणून मोजताना खिडकी पुरेशी रुंद ठेवा. बटणांमधलं अंतर आणि कडेची मोकळी जागा ‘कम्प्यूटेड’ टॅबमध्ये दिसते. आपल्या उदाहरणात बटण ४० पिक्सेलचं, दोन घटकांत ८ पिक्सेल अंतर, दोन्ही टोकांना १२-१२ पिक्सेल जागा आणि रेघ १ पिक्सेलची आहे. आता हिशेब: २६ बटणांचे १०४०, तीस घटकांमधल्या २९ फटींचे २३२, रेघांचे ४, टोकांचे २४. एकूण १३०० पिक्सेल. हाताशी जागा मात्र १३६६ वजा २४०, म्हणजे ११२६. त्यातही तीन ठिपक्यांचं बटण आणि त्याची फट मिळून ४८ जातात. उरलेल्या १०७८ मध्ये बसण्यासाठी २२२ पिक्सेल कमी करायला हवेत. चार बटणं काढून भागत नाही, म्हणून पाच मेनूत जातात.

‘१३६६ रुंदीच्या स्क्रीनवर पाच बटणं मेनूत जातात’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य. मेंटेनरला आपल्या संगणकावर खिडकीची रुंदी तेवढी करून दहा सेकंदांत ते पडताळता येतं.

आता प्रस्तावित मापं लावून पाहा. बटण ३२, फट ४, टोकाची जागा ८. मग ८३२ अधिक ११६ अधिक ४ अधिक १६, म्हणजे ९६८. सगळी २६ बटणं बसतात आणि वर १५८ पिक्सेल शिल्लक राहतात.

उंचीचाही हिशेब करा, पण त्यावर भर देऊ नका. बटण ३२ चं झालं आणि वर-खालची जागा ८ वरून ४ केली, तर टूलबारची उंची ५६ वरून ४० होते. वाचले १६ पिक्सेल. १६ पिक्सेलच्या अक्षराला दीडपट ओळ-उंची असेल तर मजकुराची एक ओळ २४ पिक्सेलची, म्हणजे वाचलेल्या जागेत एक ओळसुद्धा बसत नाही. ‘मजकुराला जास्त जागा मिळेल’ असं लिहिलंत आणि मेंटेनरने हा गुणाकार केला, की पुढच्या मुद्द्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. आडवी जागा हाच इथला खरा फायदा आहे, तेवढाच मांडा.

‘झूम कमी करा ना’ याचं उत्तर

पहिलं उत्तर बहुधा हेच येतं, म्हणून ते आधीच देऊन ठेवा. ९० टक्के झूमवर खिडकीची रुंदी सुमारे १५१७ सीएसएस पिक्सेल होते. डावी पट्टी वजा करून १२७७ उरतात, आणि टूलबारला लागतात १३००. तरीही दोन बटणं मेनूतच राहतात. ८० टक्क्यांवर सगळं बसतं, पण मग १६ पिक्सेलचा मजकूर १२.८ पिक्सेलएवढा दिसतो. बटणं बसवण्यासाठी वाचनावर पाणी सोडावं लागतं. हे दोनच आकडे पुरतात, वाद घालावा लागत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: ‘नको ती बटणं लपवण्याची सोय का नको?’ प्रकल्पात ती सोय आधीच असेल, तर खरं सांगायचं तर तुमचा प्रस्ताव लंगडा आहे. आधी ती वापरून पाहा. नसेल तर एवढं दाखवून द्या की ते काम कितीतरी मोठं आहे. क्रम साठवणं, कीबोर्डने बटणं हलवता येणं, नव्या आवृत्तीत आलेलं बटण जुन्या क्रमात कुठे बसवायचं हे ठरवणं, हे सगळं त्यात येतं. चार मापं बदलणं त्यापुढे किरकोळ.

बटण किती लहान करायचं

संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठीचे जे डब्ल्यूसीएजी निकष आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत २.५.८ हा निकष आहे. त्यानुसार एए पातळीसाठी दाबण्याची जागा किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल हवी. त्याहून लहान असेल तर आजूबाजूला पुरेसं अंतर सोडून चालतं. एएए या वरच्या पातळीची अपेक्षा ४४ × ४४ ची आहे. आपलं ४० चं बटण ती आजही पूर्ण करत नाही, त्यामुळे ‘कॉम्पॅक्टमुळे आपण एएए गमावू’ हा आक्षेप इथे लागू होत नाही. हे पत्रात एका वाक्यात लिहून टाका.

मग थेट २४ का नको? कारण आयकॉन २० पिक्सेलचा आहे. २४ च्या बटणात त्याच्या चारही बाजूंना दोनच पिक्सेल उरतात आणि दाबलेल्या बटणाची रंगीत पार्श्वभूमी आयकॉनला चिकटल्यासारखी दिसते. ३२ मध्ये सहा-सहा पिक्सेल मिळतात. शिवाय ३२ वर सगळी बटणं बसतायत आणि वर जागाही उरतेय, तर आणखी आवळायचं कशाला? गरजेपेक्षा जास्त मागितलं, की प्रस्ताव हौसेचा वाटू लागतो.

आयकॉन आणि अक्षरं लहान करू नका. आयकॉन २० चा १६ केला की तो पुन्हा रेखावा लागतो, नाहीतर बारीक रेघा पिक्सेलच्या मधोमध पडून धूसर दिसतात. फॉन्टचा आकार बदलला, की सगळ्या भाषांतरांची तपासणी ओढवते. कॉम्पॅक्ट म्हणजे फक्त मोकळी जागा कमी, आतला ऐवज तोच, ही व्याख्या पत्रात स्पष्ट लिहा.

पत्राआधी करून पाहायचा प्रयोग

कोड क्लोन करून घ्या आणि मापं कुठे कुठे थेट लिहिली आहेत ते शोधा:

```sh
grep -rnE "40px|48" src/toolbar
```

इथे ४८ का शोधायचं, तर ४० चं बटण अधिक ८ ची फट. किती बटणं मावतील हे ठरवणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये हा आकडा अनेकदा थेट लिहिलेला असतो आणि प्रयोग तिथेच फसतो. सीएसएस बदललं, बटणं लहान झाली, पण पाच बटणं मेनूतच राहिली आणि उजवीकडे मोकळी पट्टी पडली, असं दिसलं तर समजा की कोड अजून ४८ नेच भागतोय. तो आकडा काढून बटणाची प्रत्यक्ष रुंदी मोजायला लावा. दुसरी खूण अशी: सेटिंग बदलल्यावर काहीच होत नाही, पण खिडकी थोडी ओढली की सगळं जागेवर येतं. म्हणजे ही मोजणी फक्त खिडकीच्या `resize` वर बांधलेली आहे, आणि सेटिंग बदलल्याने खिडकीचा आकार बदलत नाही. दाटी बदलली की तीच मोजणी पुन्हा बोलवावी लागते.

सीएसएसचा बदल मात्र लहानसा आहे. थेट लिहिलेल्या मापांच्या जागी `var(--tb-size)` अशी व्हेरिएबल घाला आणि त्यांची मापं एका जागी द्या:

```css
.toolbar {
  --tb-size: 40px;
  --tb-gap: 8px;
  --tb-pad-x: 12px;
  --tb-pad-y: 8px;
}
.toolbar[data-density="compact"] {
  --tb-size: 32px;
  --tb-gap: 4px;
  --tb-pad-x: 8px;
  --tb-pad-y: 4px;
}
```

आता टॅब किंवा बाणांच्या कळा दाबत टूलबारवरून एक फेरी मारा. फोकसची चौकट २ पिक्सेल जाड आणि बटणापासून २ पिक्सेल दूर असेल, तर ती बाहेर ४ पिक्सेल जाते. आपली फटही ४ चीच, म्हणजे चौकट शेजारच्या बटणाला बरोब्बर टेकते. शेजारचं ‘ठळक’चं बटण दाबलेलं आणि रंगीत असलं, की नेमका फोकस कुठे आहे ते पटकन कळत नाही. उपाय सोपा आहे. कॉम्पॅक्टमध्ये `outline-offset` शून्य करा, म्हणजे मध्ये दोन पिक्सेल मोकळे राहतात.

ज्या बटणांवर शब्द आहेत तिथे `height` न लिहिता `min-height` लिहा. कोणी फक्त अक्षरं मोठी केली तर ठरावीक उंचीच्या बटणात ती कापली जातात. रोमन लिपीत हा दोष सहज लपतो, देवनागरीत लगेच उघडा पडतो. भाषा मराठी करून ‘शीर्षके’, ‘कृती’ असे शब्द तपासा. वरची वेलांटी, मात्रा किंवा खालचा ऋकार छाटला जात असेल, तर ओळीची उंची फार आवळली गेली आहे. अशा तपासणीचं एक चित्र पत्राला जोडलंत तर उत्तम. हे मेंटेनरकडून सहसा तपासून होत नाही.

जुने निर्णय वाचा

`CONTRIBUTING.md` वाचा आणि इश्यूंमध्ये, म्हणजे प्रकल्पाकडे आलेल्या तक्रारी-सूचनांच्या नोंदींत, बंद झालेल्यांसकट, `compact`, `density`, `toolbar size` आणि `small icons` असे चारही शब्द शोधा. आधी नकार दिलेला असेल तर त्याचं कारण तुमच्या पत्राच्या दुसऱ्याच परिच्छेदात यायला हवं. तेव्हापासून काय बदललं तेही सांगा. काहीच बदललं नसेल, तर पत्र पाठवण्यात अर्थ नाही.

अशा सेटिंगचं पुढे काय होऊ शकतं हे फायरफॉक्सच्या उदाहरणात दिसतं. २०२१ मध्ये आवृत्ती ८९ मध्ये नवी रचना आली तेव्हा टूलबारची कॉम्पॅक्ट दाटी ‘कस्टमाइझ’च्या पडद्यावरून काढली गेली. ती सापडायला अवघड आहे आणि फारसं कोणी वापरत नसावं, असा विकासकांचा अंदाज होता. लोकांनी तक्रारी केल्यावर ज्यांच्याकडे ती आधीपासून चालू होती त्यांच्याकडे राहिली. बाकीच्यांना `about:config` मध्ये `browser.compactmode.show` चालू करून ती परत आणता येऊ लागली, पण नावापुढे ‘समर्थित नाही’ असा शेरा लागला. यातून पत्रासाठी घ्यायचं ते इतकंच की कोपऱ्यात दडलेलं सेटिंग कोणी वापरत नाही असं गृहीत धरलं जातं. म्हणून ते कुठे दिसेल हेही प्रस्तावातच ठरवा.

पत्र

प्रकल्पाचं कामकाज बहुतेक वेळा इंग्रजीत चालतं, तेव्हा पाठवताना त्या भाषेत लिहा. मांडणी मात्र अशी ठेवा:

> विषय: टूलबारसाठी कॉम्पॅक्ट दाटीचा पर्याय (१३६६ रुंदीवर ५ बटणं मेनूत जातात)
>
> नमस्कार,
>
> १३६६ × ७६८ च्या स्क्रीनवर, डावी पट्टी उघडी असताना, टूलबारच्या २६ पैकी ५ बटणं तीन ठिपक्यांच्या मेनूत जातात. टूलबारला १३०० पिक्सेल लागतात, उपलब्ध जागा ११२६ आहे. ९० टक्के झूमवरही २ बटणं मेनूतच राहतात. ८० टक्क्यांवर सगळी बसतात, पण मजकूर वाचायला लहान होतो.
>
> ‘दिसणं’ या सेटिंगमध्ये टूलबारच्या दाटीसाठी ‘नेहमीची’ आणि ‘कॉम्पॅक्ट’ असे दोन पर्याय सुचवतो. डिफॉल्ट आजचंच राहील. कॉम्पॅक्टमध्ये बटण ४० ऐवजी ३२, फट ८ ऐवजी ४, टोकाची जागा १२ ऐवजी ८ आणि वर-खालची ८ ऐवजी ४ पिक्सेल. आयकॉन आणि अक्षरांचा आकार बदलत नाही. एकूण रुंदी ९६८ होते आणि सर्व बटणं दिसतात. ३२ पिक्सेल हे डब्ल्यूसीएजी २.५.८ च्या २४ पिक्सेलपेक्षा जास्त आहे. ४४ ची वरची पातळी आजही पूर्ण होत नाही.
>
> हा प्रस्ताव फक्त वरच्या टूलबारपुरता आहे. मेनू, डावी पट्टी आणि संवादचौकटी यांना हात लावलेला नाही. मापं हवी तशी ठरवता येणारी सरकपट्टीही यात नाही.
>
> माझ्या प्रतीत हे करून पाहिलं आहे. कोणती बटणं मेनूत जावीत हे ठरवणाऱ्या कोडमध्ये ४८ हा आकडा थेट लिहिला आहे, तो बदलावा लागतो. फोकसची चौकट शेजारच्या बटणाला टेकत होती, ते दुरुस्त केलं आहे. एकाच रुंदीची आधीची आणि नंतरची चित्रं, तसंच मराठी भाषेतलं एक चित्र जोडलं आहे. स्पर्शाच्या पडद्यावर आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भाषांत अजून तपासलेलं नाही.
>
> मान्य असेल तर काम दोन पुल रिक्वेस्टमध्ये देईन. पहिलीत फक्त थेट लिहिलेली मापं व्हेरिएबलमध्ये जातील आणि पडद्यावर काहीही बदलणार नाही. दुसरीत सेटिंग येईल.
>
> एका बाबतीत तुमचा निर्णय हवा आहे: मुख्य साधन बोट असेल तेव्हा कॉम्पॅक्ट निवडता यावं, की तिथे ४० पिक्सेलच ठेवावेत?

विषयाच्या ओळीतच अडचणीचा आकडा असला की नुसती यादी चाळतानाही मेंटेनरला कळतं की प्रकरण काय आहे. ‘तपासलेलं नाही’ हे वाक्य गाळू नका. ते वाचून पुढचा माणूस बाकीच्या दाव्यांवर भरवसा ठेवतो. शेवटी प्रश्न एकच ठेवा. पाच प्रश्न विचारले की उत्तर द्यायला निवांत वेळ लागतो, आणि तो वेळ बहुधा कधीच सापडत नाही. ‘अनेकांना हे हवं आहे’ असंही लिहू नका. कोणाकोणाला हवं आहे, याची तुमच्याकडे नोंद नसते.

पुल रिक्वेस्ट म्हणजे तुमचा कोडमधला बदल प्रकल्पात घ्यावा ही विनंती. तिची दोन भागांत विभागणी हा या पत्राचा कणा आहे. पहिली मान्य करायला मेंटेनरला कसलाच निर्णय घ्यावा लागत नाही. मापं एका जागी येतात, एवढाच तिचा परिणाम. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट तंतोतंत जुळला की तपासणी संपली. दुसरी कधीच घेतली गेली नाही, तरी पहिलीचं काम वाया जात नाही.

सेटिंग साठवताना `compactToolbar: true` असं हो-नाही ठेवू नका, `toolbarDensity: "compact"` असं ठेवा. उद्या स्पर्शासाठी मोठा पर्याय आला, तर जुन्या वापरकर्त्यांचं साठवलेलं सेटिंग रूपांतरित करत बसावं लागणार नाही.

उत्तर आल्यावर

‘चाचण्या दुप्पट होतील’ असं उत्तर आलं तर ते खोटं नसतं. दोन थीम, लेखनाच्या दोन दिशा आणि दोन दाट्या म्हणजे आठ स्क्रीनशॉट. यावर तोड अशी सुचवा: आजचे चार तसेच ठेवायचे आणि कॉम्पॅक्टचा फक्त एक वाढवायचा, उजळ थीमचा, डावीकडून उजवीकडे जाणारा. मोकळ्या जागेचा रंगाशी संबंध नसतो, म्हणून गडद थीममध्ये वेगळं काही बिघडण्याचा संभव कमी. दिशेचा धोका टाळायला कडेची जागा `padding-inline` ने द्या.

‘मग कॉम्पॅक्टच डिफॉल्ट करू’ असंही उत्तर येऊ शकतं. ऐकायला गोड वाटतं, पण त्याला घाईने हो म्हणू नका. ज्यांचा हात थरथरतो किंवा जे बोटाने वापरतात त्यांची बटणं न विचारता लहान होतील, आणि तुमच्या प्रस्तावाचा आधारच ‘डिफॉल्ट तेच राहील’ हा होता.

उत्तरच आलं नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी एकदाच आठवण द्या, तीही काहीतरी नवीन घेऊन. उदाहरणार्थ, राहिलेली उजवीकडून डावीकडची तपासणी. नुसतं ‘काही कळलं का?’ विचारल्याने गाडी पुढे सरकत नाही.

आणि स्पष्ट नकार आला, तर पहिली पुल रिक्वेस्ट तेवढी घ्याल का, असं विचारा. व्हेरिएबल आत गेली, की बाकीचं ब्राउझरमधल्या यूजर स्टाइलच्या एक्स्टेंशनने तुमचं तुम्ही करू शकता:

```css
.toolbar {
  --tb-size: 32px !important;
  --tb-gap: 4px !important;
  --tb-pad-x: 8px !important;
  --tb-pad-y: 4px !important;
}
```

व्हेरिएबल नसतील तर हेच करायला प्रत्येक बटणाच्या क्लासवर वेगळा नियम लिहावा लागतो, आणि पुढच्या आवृत्तीत क्लासची नावं बदलली की तो निकामी होतो.